जुलाब दुसऱ्यांदा उलटले की काय करायचं? नाशिकच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील फिजिशियन, सर्जन, फॅमिली डॉक्टर आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. तुमच्या वॉर्डांतून येणाऱ्या शौचाच्या डब्या माझ्या टेबलावर उघडतात. रुग्णाचा चेहरा मला क्वचितच दिसतो. पण तेच नाव, तेच वय काही आठवड्यांनी पुन्हा रजिस्टरात आलं, आणि नंतर आणखी एकदा आलं, की ते लक्षात राहतं. हे पत्र अशा नावांबद्दल आहे. अँटिबायोटिक घेतल्यानंतर रुग्णालयात किंवा घरी गेल्यावर सुरू होणारे, औषधाने थांबणारे आणि औषध संपलं की उलटणारे जुलाब. जंतू क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. आपण सगळे 'सी-डिफ' म्हणतो.

मागणी आधीच सांगून टाकते. सी-डिफ दुसऱ्यांदा उलटला, म्हणजे रुग्णाला तिसऱ्यांदा झाला, की तेच औषध तेवढेच दिवस पुन्हा लिहून देऊ नये. स्टूल ट्रान्सप्लांटचा, म्हणजे निरोगी दात्याचं शौच रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा, विचार त्याच भेटीत व्हावा आणि केसपेपरवर लिहिला जावा. आज हा विचार बहुतेक वेळा नातेवाईकच करतात, तोही चार-पाच वेळा उलटून झाल्यावर आणि रुग्णाचं निम्मं वजन उतरल्यावर.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, उपचारांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. निफाड तालुक्यातल्या सहासष्ट वर्षांच्या काकू. ऐन द्राक्षाच्या हंगामात बागेतल्या बांधावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. सेफ्ट्रायॅक्झोन दिलं. जखमेतून थोडा स्राव आला म्हणून त्यावर दहा दिवस क्लिंडामायसिन. पोटाला त्रास नको म्हणून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल, जे पुढे कोणी बंदच केलं नाही. घरी गेल्यावर आठवडाभरात जुलाब लागले, दिवसाला आठ-दहा. गावातल्या दवाखान्यातून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी मिळाली आणि जुलाब थांबवायला लोपेरामाइड.

इथे थोडं थांबते, कारण ती गोळी आपल्या जिल्ह्यात पाणी लागलं तरी, लग्नात जास्त जेवण झालं तरी आणि अमिबाचा संशय आला तरी दिली जाते. तिच्यातलं ऑफ्लॉक्सासिन हे सी-डिफला वाट मोकळी करून देणाऱ्या औषधांतलंच एक आहे. क्लिंडामायसिन, तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स आणि फ्लुरोक्विनोलोन्स या तिन्ही गटांतली औषधं काकूंच्या पोटात महिनाभरात गेली होती. अँटिबायोटिकनंतरचे सगळे जुलाब सी-डिफचे नसतात. बहुसंख्य नसतातच, आणि ते औषध थांबवलं की आपोआप थांबतात. पण अशा जुलाबांवर आणखी एक अँटिबायोटिक देणं म्हणजे ज्या फटीतून चोर आत शिरला ती आणखी रुंद करणं.

काकू पुन्हा भरती झाल्या तेव्हा पांढऱ्या पेशी सतरा हजारांवर होत्या आणि क्रिएटिनिन १.७. पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून जास्त, अथवा क्रिएटिनिन १.५ च्या वर, यांतलं एक जरी असलं तरी आजार गंभीर धरतात. त्यांचे दोन्ही आकडे वर होते. तपासणीत जीडीएच पॉझिटिव्ह आणि टॉक्सिनही पॉझिटिव्ह. निदान पक्कं होतं. उपचार मात्र सलाइनमधून मेट्रोनिडाझोलचे झाले. आता सौम्य आजारातसुद्धा मेट्रोनिडाझोल ही नाइलाजाची निवड मानली जाते आणि गंभीर आजारात ते एकटं पुरत नाही. तरी त्या बऱ्या झाल्या. घरी गेल्या. सोळाव्या दिवशी जुलाब पुन्हा सुरू. हा आजार पहिल्यांदा उलटला.

या वेळी व्हॅन्कोमायसिन दिलं गेलं, तेही बरोबर वाटेने, म्हणजे तोंडाने. मुद्दाम सांगते आहे, कारण वॉर्डात अजूनही कुणीतरी व्हॅन्कोमायसिनची वायल सलाइनमध्ये सोडतं. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन आतड्याच्या पोकळीत पुरेसं पोचतच नाही. तोंडाने दिलेलं मात्र रक्तात फारसं न शोषलं जाता थेट मोठ्या आतड्यात उतरतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. कॅप्सूल मिळाली नाही तर ५०० मिलिग्रॅमची इंजेक्शनची वायल १० मिली पाण्यात विरघळवायची आणि त्यातलं अडीच मिली, म्हणजे १२५ मिलिग्रॅम, थोड्या पाण्यात किंवा सरबतात मिसळून पाजायचं. दिवसातून चार वेळा, दहा दिवस. उरलेली वायल फ्रिजमध्ये. काकूंच्या सूनबाईंनी चार वाट्यांवर चार वेळा लिहून ठेवल्या आणि एकही डोस चुकू दिला नाही.

जुलाब चौथ्या दिवशी थांबले. तरीही महिनाभराने दुसऱ्यांदा उलटले. मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, ती केसपेपरवर कुठेही नव्हती, सूनबाईंनी सहज बोलता बोलता सांगितली. काकूंची लघवी तपासली होती, पस सेल्स आणि जंतू दिसले, म्हणून पाच दिवस सेफिक्झिम दिलं होतं. जळजळ नव्हती, ताप नव्हता, काहीच नव्हतं. रिपोर्टात जंतू दिसले एवढ्यावरच उपचार झाला होता. वयस्कर बाईच्या लघवीत असे जंतू त्रास न देता खुशाल राहतात. सी-डिफ नुकताच झालेल्या रुग्णाला असं एक अनावश्यक सेफिक्झिम पुरतं. सी-डिफ झालेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डवर ठळक अक्षरांत तशी नोंद असावी, एवढं तरी रुग्णालयांनी करावं. पुढच्या डॉक्टरला, दाताच्या डॉक्टरलासुद्धा, ती दिसायला हवी.

आता हा आजार का उलटतो ते सांगते, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर टिकून आहे. बऱ्याच जणांना वाटतं की जंतू औषधाला जुमानेनासा झाला. तसं सहसा नसतं. व्हॅन्कोमायसिन वाढत्या जंतूंना मारतं, पण त्यांच्या बीजाणूंना, म्हणजे स्पोअर्सना, काही करू शकत नाही. ते कडक कवचात आतड्यात पडून राहतात. शिवाय शेजारच्या कॉटवरून, सामायिक कमोडवरून, नळाच्या तोटीवरून नवेही येतात. (कॉटच्या पायथ्याला टांगलेलं अल्कोहोल सॅनिटायझर या बीजाणूंना मारत नाही. हात साबणपाण्याने धुवावे लागतात आणि संडास हायपोक्लोराइटने.) निरोगी आतड्यात असे बीजाणू आले तरी रुजत नाहीत. यकृत पित्तात जी आम्लं सोडतं, त्यांतली काही या बीजाणूंना उगवायचा इशारा देतात. आपल्या आतड्यातले काही जिवाणू त्याच आम्लांचं दुसऱ्या प्रकारच्या आम्लांत रूपांतर करतात, आणि ही दुसरी आम्लं सी-डिफची वाढ रोखतात. अँटिबायोटिकने हे रूपांतर करणारे जिवाणू मेले की पहिली आम्लं साचतात, दुसरी संपतात. बीजाणूंना उगवायला सांगणारे हजर आणि रोखणारे गैरहजर.

आणि इथेच पेच आहे. व्हॅन्कोमायसिन सी-डिफला मारतं तसं या राखणदार जिवाणूंनाही मारतं. औषध चालू आहे तोवर जुलाब बंद, औषध संपलं की राखण नसलेलं आतडं आणि शिल्लक बीजाणू. त्यामुळे प्रत्येक वेळी उलटल्यानंतर पुन्हा उलटण्याची शक्यता वाढत जाते. पहिल्या आजारानंतर साधारण चार-पाचांपैकी एकाला तो उलटतो. एकदा उलटलेल्यांत पुन्हा उलटण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं, आणि दोन किंवा अधिक वेळा उलटलेल्यांत ते निम्म्याच्याही वर जातं. तिसऱ्या खेपेला तेच दहा दिवसांचं व्हॅन्कोमायसिन लिहून देताना आपण रुग्णाला "बरं वाटेल" म्हणतो ते खरं असतं, पण ते औषध संपेपर्यंतच.

स्टूल ट्रान्सप्लांट या पेचाला वेगळ्या टोकाने भिडतं. निरोगी दात्याच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडले की पित्ताम्लांचं ते रूपांतर परत सुरू होतं आणि बीजाणू असले तरी उगवत नाहीत. कल्पना नवी नाही. १९५८ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये बेन आयझमन या सर्जनने अँटिबायोटिकनंतर आतड्याला जीवघेणी सूज आलेल्या चार रुग्णांना शौचाचा एनिमा दिला आणि चौघे बरे झाले. सी-डिफच या सुजेचं कारण आहे हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कळलं. ठोस पुरावा आला तो २०१३ मध्ये नेदरलँड्समधून. उलटणाऱ्या सी-डिफच्या सोळा रुग्णांना दात्याच्या शौचाचं द्रावण नळीने लहान आतड्यात सोडलं. तेरा जण एकाच वेळेत बरे झाले आणि उरलेल्या तिघांपैकी दोघे दुसऱ्यांदा दिल्यावर. फक्त व्हॅन्कोमायसिन दिलेल्या तेरांपैकी चार बरे झाले. फरक इतका उघड होता की प्रयोग ठरल्यापेक्षा आधीच थांबवावा लागला.

हा विचार नेमका कधी करायचा, यावर अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या आणि पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना साधारण एकाच जागी येतात: योग्य औषधाने योग्य दिवस उपचार होऊनही आजार दुसऱ्यांदा उलटला असेल तेव्हा. पहिल्या आजाराला नाही. पहिल्यांदा उलटल्यावरही सहसा नाही. तेव्हा फिडॅक्सोमायसिन मिळालं आणि परवडलं तर ते, नाहीतर व्हॅन्कोमायसिनचा उतरता डोस. म्हणजे दहा ते चौदा दिवस चार वेळा, मग आठवडाभर दोनदा, आठवडाभर एकदा, आणि पुढे काही आठवडे दोन-तीन दिवसांआड एक. या आड दिवसांत बीजाणू उगवतात, पुढच्या डोसात मरतात आणि राखणदार जिवाणूंना थोडी उसंत मिळते. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. अत्यवस्थ रुग्णात, औषधाला काहीच प्रतिसाद नसताना, ट्रान्सप्लांट आधीही करतात. पण तो आयसीयूतला आणि सर्जन शेजारी उभा असतानाचा निर्णय आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

'दुसऱ्यांदा उलटला' हे ठरवतानाच सगळ्यात जास्त घोळ होतो. त्याची जबाबदारी निम्मी माझ्या क्षेत्राची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आजार उलटला असं म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मधल्या काळात जुलाब खरोखर थांबलेले असणं, ते साधारण आठ आठवड्यांच्या आत पुन्हा सुरू होणं, म्हणजे चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच, आणि तपासणीत जंतूचं विष, म्हणजे टॉक्सिन, सापडणं. पीसीआर एवढंच सांगतो की विष बनवू शकणारा जंतू आहे. तो विष बनवतो आहे की नाही हे सांगत नाही. बरा झालेला माणूसही आठवडेच्या आठवडे पीसीआर पॉझिटिव्ह राहू शकतो. तरी आमच्याकडे घट्ट, बांधलेल्या शौचाच्या डब्या येतात, सोबत चिठ्ठी: "जंतू गेला का बघा." जंतू गेला का हे बघायचंच नसतं. शौच घट्ट झालं, पोट शांत आहे, इतकं पुरे. असा पीसीआर पॉझिटिव्ह आला की डॉक्टर घाबरतात, व्हॅन्कोमायसिनचे आणखी दहा दिवस होतात, राखणदार जिवाणूंवर आणखी एक घाव बसतो, आणि न उलटलेला आजार केसपेपरवर 'उलटलेला' म्हणून नोंदला जातो. मग ज्याला ट्रान्सप्लांटची गरज नाही तो त्या रांगेत लागतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे सी-डिफ बरा झाल्यानंतर आतडं हुळहुळं राहतं. सकाळी दोन-तीनदा जावं लागतं, पोटात कळ येते, चहा घेतला की लगेच. पण ताप नाही, रात्री झोपेतून उठून जावं लागत नाही, पांढऱ्या पेशी जागेवर, टॉक्सिन निगेटिव्ह. हा आयबीएससारखा त्रास महिनोन्महिने चालू शकतो. त्यावर ना व्हॅन्कोमायसिन, ना स्टूल ट्रान्सप्लांट. आजार खरोखर उलटतो तेव्हा जुलाब पाण्यासारखे असतात, रात्रीही होतात, एक-दोन दिवसांत माणूस गळून जातो, आणि रुग्ण स्वतःच सांगतो, "तसंच होतंय पहिल्यासारखं." काकूंनी तेच सांगितलं आणि टॉक्सिनही पॉझिटिव्ह आलं. शंका राहिली तर कोलोनोस्कोपीत आतडं डोळ्यांनी बघून घ्यावं. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस दोन्ही याच वेषात येतात.

काकूंच्या फिजिशियननी तिसऱ्या खेपेला फोन केला आणि आम्ही बोललो. त्यांनी त्याच दिवशी मुंबईच्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. काकूंना हे समजावताना मी तिथे होते. ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "दुसऱ्याची घाण माझ्या पोटात? त्यापेक्षा मला गंगेवर नेऊन बसव." मुलगा खाली बघत होता. सूनबाई म्हणाल्या, "आत्या, रक्त चढवलं तेव्हा कुणाचं होतं ते विचारलं होतं का?" काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी फक्त एवढं विचारलं की ते तोंडाने प्यावं लागेल का. नाही म्हटल्यावर तयार झाल्या. किळसेचा अडथळा आपण डॉक्टर समजतो तेवढा मोठा नसतो. ज्याने चार महिने दिवसाला दहा वेळा संडास गाठलाय, तो माणूस ऐकून घेतो. बऱ्याचदा किळस आपल्यालाच असते.

खरी अडचण दाता मिळण्याची निघाली. घरातल्यांना वाटलं, घरचाच कुणीतरी देईल, त्यात काय. धाकट्या मुलाने दाढेसाठी दोन महिन्यांपूर्वी अमॉक्सिसिलिन घेतलं होतं. तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेला दाता चालत नाही. जावई धडधाकट, निर्व्यसनी, पोटाची कधी तक्रार नाही. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या स्वच्छ आल्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस ए, बी, सी, सिफिलिस. शौचात जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम, साल्मोनेला, शिगेला, सी-डिफ काही नाही. पण कल्चरमध्ये ईएसबीएल बनवणारा ई. कोलाय निघाला. जावयांना त्याचा काडीचा त्रास नव्हता. आपल्या देशात अँटिबायोटिकला दाद न देणारे हे जंतू निरोगी माणसांच्या आतड्यातही सर्रास सापडतात. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला तो नेमका यावरच: एकाच दात्याच्या शौचातून दोन रुग्णांना ईएसबीएल ई. कोलायचा संसर्ग झाला आणि त्यातला एक दगावला. दोघांचीही प्रतिकारशक्ती क्षीण होती. त्या दात्याची ही एक तपासणी झालेली नव्हती. तेव्हापासून ईएसबीएल, कार्बापेनेमला न जुमानणारे जंतू, व्हीआरई आणि एमआरएसए या चारही गोष्टी बघितल्याशिवाय दाता घेऊ नये असं ठरलं आहे.

म्हणून यूट्यूबवर बघून घरच्या घरी मिक्सर आणि एनिमा कॅन घेऊन बसणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, नका करू. आणि तुम्हाला सांगते की दाता हा आपल्याकडचा सगळ्यात अरुंद रस्ता आहे. तिथे आठवडे जातात. म्हणूनच विचार उशिरा सुरू करून चालत नाही. काकूंना दाता मिळेपर्यंत व्हॅन्कोमायसिनच्या उतरत्या डोसावर शांत ठेवलं; त्या काळात तो डोस हा इलाज नसून पूल होता, आणि तसं त्यांना सांगितलंही होतं. शेवटी त्या रुग्णालयाकडे आधीच तपासून ठेवलेला एक दाता होता, तोच कामी आला.

ट्रान्सप्लांटचा दिवस ऐकायला वाटतो त्यापेक्षा साधा असतो. आदल्या दिवशी व्हॅन्कोमायसिन बंद, कारण ते आतड्यात शिल्लक राहिलं तर नव्या जिवाणूंनाच मारणार. संध्याकाळी पोट साफ करणारं औषध. दात्याचं ताजं शौच, किमान पन्नास ग्रॅम, सलाइनमध्ये घोटून गाळून घ्यायचं आणि सहा तासांच्या आत वापरायचं. उणे ८० अंशांवर गोठवून ठेवलेलंही चालतं आणि तितकंच काम करतं. मग कोलोनोस्कोपने मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला ते सोडायचं. काही ठिकाणी लोपेरामाइडच्या एक-दोन गोळ्या देतात, द्रावण काही तास आत राहावं म्हणून. काकूंना संध्याकाळी थोडं पोट फुगल्यासारखं वाटलं, एकदा कळ आली. दुसऱ्या दिवशी कसारा घाट चढून घरी. चौथ्या दिवशी बांधून शौच झालं आणि मुलाने मला मेसेजमध्ये तेवढंच लिहिलं.

आठ आठवडे उलटला नाही की यश मानतात. काकूंचे ते पार पडले. पॅन्टोप्राझोल बंद केलं, त्याची गरज नव्हतीच. कोलोनोस्कोपीने एकदा दिल्यावर दहापैकी आठ-नऊ जण बरे होतात. राहिलेल्यांना दुसऱ्यांदा देता येतं. आणि यश टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी पुढे कोणी विनाकारण अँटिबायोटिक लिहितं का यावर आहे. न्यूमोनिया झाला तर द्यावंच लागेल. पण सर्दीला नको. लघवीतल्या मुक्या जंतूंना नको.

मर्यादाही सांगायला हव्यात. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्या रुग्णात साधं ट्रान्सप्लांट टाळलेलं बरं असंच आजचं मत आहे. पुढच्या पाच-दहा वर्षांत दात्याच्या जिवाणूंबरोबर आणखी काय येतं, याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही; म्हणून ज्याला पहिल्यांदाच सी-डिफ झालाय त्याला हौसेने हे करू नये. वजन, मधुमेह, चेहऱ्यावरचे पुरळ यांसाठी कुणी 'गट हेल्थ पॅकेज' म्हणून हे विकायला लागलं तर तो धंदा समजावा. भारतात या उपचाराचा बराचसा अनुभव अल्सरेटिव्ह कोलायटिसमधला आहे, लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणचा. दाता कसा तपासायचा आणि द्रावण कसं बनवायचं हे तिथल्या लोकांना हाताने येतं. आपण ते शिकून घेऊ शकतो.

आता नाशिकचं बोलू. आपल्याकडे कोलोनोस्कोपी करणारे पोटविकारतज्ज्ञ आहेत. जीडीएच-टॉक्सिन तपासणी होते. ईएसबीएल आणि कार्बापेनेमचं कल्चर तर आम्ही रोज लावतो. रक्तपेढ्यांना दाता तपासायची सवय आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. तुकडे सगळे आहेत, ते कुणी एकत्र जोडलेले नाहीत. दर रुग्णालयाने स्वतःची दाता-यादी करावी असं मी म्हणत नाही. वर्षाकाठी एखाद-दुसरा रुग्ण मिळेल त्या जागी ते परवडणारही नाही. पण शहरातल्या तीन-चार मोठ्या रुग्णालयांनी मिळून पाच-सहा तपासलेले दाते आणि एक उणे ८० चा फ्रीझर ठेवला तर निफाड, दिंडोरी, मालेगावच्या माणसाला मुंबई गाठावी लागणार नाही. यासाठी एक बैठक बोलवावी, ही माझी व्यवस्थापकांना विनंती.

फिजिशियन मित्रांना विनंती त्याहून लहान आहे. सी-डिफचा रुग्ण समोर आला की केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात त्याची कितवी वेळ आहे ते लिहा, मागच्या वेळी कोणतं औषध, किती दिवस, कोणत्या वाटेने दिलं ते लिहा, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी अँटिबायोटिक दिलं का ते घरच्या बायकांना विचारा. त्यांना माहीत असतं. आकडा तीन झाला की त्या दिवशी पोटविकारतज्ज्ञाला फोन.

आमच्या बाजूने दोन गोष्टी या महिन्यापासून सुरू करत आहोत. बांधलेल्या शौचावर सी-डिफची तपासणी आम्ही करणार नाही; डबी परत येईल, कृपया रागावू नका. आणि टॉक्सिन पॉझिटिव्ह आलेलं नाव आठ आठवड्यांत पुन्हा पॉझिटिव्ह आलं, तर रिपोर्ट छापायच्या आधी तुम्हाला माझा फोन येईल.

आपली नम्र,
एक मायक्रोबायोलॉजिस्ट, नाशिक